लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आणि नातेवाइकांच्या आठवणींचं पुस्तक : कसं जमवायचं, कसं लावायचं, कसं छापायचं

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, सगळ्या नातेवाइकांकडून चार ओळी आणि एकेक फोटो मागवू आणि छान पुस्तक करू, असं घरात कोणीतरी म्हणतं आणि ते काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्यासाठी हे लिहितोय. लग्नासाठी किंवा पंचविसाव्या वाढदिवसासाठी करत असाल तरी पद्धत हीच, पण मी उदाहरण पन्नासाव्याचं घेतो कारण त्यात सगळ्यात जास्त अडचणी एकत्र येतात, जुने फोटो, न लिहिणारी म्हातारी माणसं, आणि नात्यांचा गुंता.

नवीन माणूस सुरुवात करतो ती कव्हर कसं असावं, कुठलं टेम्प्लेट घ्यावं इथून. ते सगळ्यात शेवटी. डिझाइन बरं-वाईट कसंही असलं तरी पुस्तक वाचलं जातं, पण आतमध्ये तीसवेळा "दोघांना उदंड आयुष्य लाभो" असेल तर दुसऱ्यांदा कोणी उघडत नाही. त्यामुळे खरं काम मागण्याचं आहे, काय मागायचं, कसं मागायचं आणि आल्यावर ते कुठे ठेवायचं.

आधी उलटं कॅलेंडर

समजा कार्यक्रम १५ डिसेंबरला आहे. पुस्तकं १ डिसेंबरला हातात हवीत, म्हणजे बाइंडिंग उलटं आलं, पान गहाळ झालं तर दुरुस्तीला वेळ राहतो. प्रूफ, छपाई आणि बाइंडिंग यांना दोन आठवडे धरा, म्हणजे फायनल पीडीएफ १५ नोव्हेंबरला प्रेसकडे. पानं लावणं आणि तपासणं यात एक महिना सहज जातो, म्हणजे १५ ऑक्टोबरनंतर नवीन मजकूर घ्यायचा नाही. पण नातेवाइकांना तारीख सांगायची ती ३० सप्टेंबर. मधले पंधरा दिवस "अरे मी विसरलेच" वाल्यांसाठी आहेत आणि ते लोक असतातच, ते धरूनच चाला. मागणी सुरू करायची ऑगस्टच्या मध्यात. त्याच्याही आधी मागितलं तर लोक म्हणतात खूप वेळ आहे आणि खरंच विसरून जातात.

सरप्राइज ठेवायचं का हा प्रश्न इथेच सोडवून टाका. माझं मत असं की पूर्ण सरप्राइज ठेवू नका. जुन्या फोटोत कोण उभं आहे, ते कुठल्या वर्षीचं आहे हे सांगू शकणारी माणसं बहुतेक वेळा तेच दोघं असतात, त्यांनाच विचारता आलं नाही तर अर्धे फोटो "एका समारंभात" अशा ओळीखाली छापावे लागतात. फोटो गोळा करतोय हे त्यांना सांगा, डिजिटल करून ठेवतोय म्हणा, ते खोटंही नाही. लोकांनी काय लिहिलंय ते मात्र लपवा. सरप्राइज तिथेच आहे.

यादी, आणि त्यातला नात्याचा कॉलम

एक स्प्रेडशीट करा. प्रत्येक माणसाला एक नंबर द्या आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. कॉलम हवेत ते असे: नंबर, पुस्तकात छापायचं नाव, नातं, फोन, घरातलं कोण संपर्क करणार, मजकूर आला का, फोटो आले का, फोटोची ओळ पक्की झाली का, दुरुस्त मजकूर त्यांना दाखवला का. एवढे पुरे, जास्त कॉलम केले की कोणी भरत नाही.

नात्याच्या कॉलमात घोळ होतो. तुम्ही ज्यांना काकू म्हणता त्या आईच्या जाऊ आहेत आणि बाबांच्या वहिनी किंवा भावजय, तुमची मामी ही आईची भावजय, आणि यादी भरताना तीन चुलत-मावस भावंडं मदत करत असतील तर तिघंही आपापल्या बाजूने नातं लिहितात. मग पुस्तकात एकच बाई एका पानावर "मामी" आणि दुसऱ्यावर "काकू" होतात. पहिल्याच दिवशी ठरवा, नातं लिहायचं ते त्या जोडप्याच्या बाजूने. "आईची धाकटी जाऊ", "बाबांच्या आतेबहिणीचे यजमान", असं. लांबलचक वाटलं तरी चालेल, नातवंडांना वीस वर्षांनी तेच उपयोगी पडणार आहे.

नावाचं पण तसंच. घरात जी बेबीआत्या आहे तिचं कागदावरचं नाव वेगळं, सासरचं आणखी वेगळं, आणि तिला स्वतःला कुठलं छापलेलं आवडेल हे फक्त तीच सांगू शकते. तिलाच विचारा, तिच्या मुलाला नको. मी तरी छापील नाव आणि खाली घरातलं नाव दोन्ही द्यावं म्हणतो, कारण लहान मुलं बेबीआत्या शोधत पानं उलटतात आणि त्यांना ती सापडत नाही.

मेसेज कसा मागायचा

"आईबाबांबद्दल काहीतरी लिहून पाठवा" असा एकच मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला की काय होतं, पहिला माणूस चार ओळींच्या शुभेच्छा टाकतो आणि बाकी सगळे त्याच्याकडे बघून तसंच लिहितात. ग्रुपवर फक्त घोषणा करा. मागणी प्रत्येकाला वेगळी, आणि प्रत्येकाला त्याचाच प्रश्न. उदाहरणार्थ मामाला असं:

"मामा, डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. सगळ्यांच्या आठवणींचं पुस्तक करतोय. तू परीक्षेच्या वर्षी आमच्याकडे राहायला होतास ना, त्या वर्षातला एखादा प्रसंग लिहून दे. १०० ते १५० शब्द पुरे, फोनवर टाइप केलेले किंवा कागदावर लिहून फोटो काढलास तरी चालेल. शुभेच्छा लिहू नकोस, त्या आम्ही पहिल्या पानावर सगळ्यांच्या मिळून टाकतोय. ३० सप्टेंबरपर्यंत हवंय. त्या काळातला फोटो असेल तर आधी मला सांग, कसा पाठवायचा ते सांगतो."

यात "शुभेच्छा लिहू नकोस" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर माणूस शंभरातले ऐंशी शब्द शुभेच्छांवर घालवतो. आणि शब्दांचा आकडा द्यायलाच हवा, नाहीतर एकजण दोन ओळी देतो आणि एकजण सहा पानं, आणि सहा पानंवाल्याला कापलं की तो दुखावतो.

एवढं करूनही मामाकडून हे येऊ शकतं: "ताई आणि भावजी अतिशय प्रेमळ. त्यांनी मला मुलासारखं सांभाळलं. त्यांचे उपकार विसरू शकत नाही." आता हे परत पाठवू नका, फोन करा. विचारा, मुलासारखं म्हणजे काय करायचे? थोडा वेळ मामा "असंच सगळं" म्हणेल आणि मग म्हणेल, अरे, उन्हाळ्यात मी रात्री अभ्यासाला बसायचो तेव्हा भावजी झोपेतून उठून यायचे, काही न बोलता टेबलफॅन माझ्याकडे फिरवायचे आणि परत जाऊन झोपायचे, सकाळी त्याबद्दल एक अक्षर नाही. झालं, हा मजकूर. मामाच्या आधीच्या तीन ओळींतली एक ठेवा, खाली हे लिहा आणि त्याला वाचून दाखवा. चाळीसातल्या दहा-बाराजणांना तरी असा दुसरा फोन करावा लागतो असं धरून चाला.

प्रश्न सुचत नसतील तर हे कामाला येतात: दोघांपैकी कोणाचं कुठलं वाक्य तुम्ही अजून घरात वापरता? ते दोघं कशावरून भांडतात? त्यांच्या घरात तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा कोण काय करत होतं? भांडणाच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं येतात, फक्त छापण्याआधी एकदा विचार करा की हे समोर वाचलं तर दोघं हसतील का.

जी माणसं लिहीत नाहीत त्यांच्याशी बोला आणि त्यांना सांगून रेकॉर्ड करा. दहा मिनिटांच्या बोलण्यात हजारभर शब्द निघतात, तुम्हाला त्यातले दोनशे हवेत. उतरवून घेताना त्यांची बोली आहे तशी ठेवा. "व्हता", "गेलो व्हतो", "आमी" हे सुधारून "होता", "गेलो होतो", "आम्ही" केलं की आजीचा आवाज गेला आणि तिथे कुठल्यातरी शाळेचा निबंध आला. टाइपच्या चुका आणि विरामचिन्हं सुधारायची, बाकी हात लावायचा नाही. उतरवलेलं त्यांना फोनवर वाचून दाखवा, कारण बोलताना निसटलेली एखादी गोष्ट त्यांना छापून नको असते.

तीनजणांनी एकच प्रसंग सांगितला तर? होतंच. तिघांचे तपशील जुळत असतील तर ज्याने नीट सांगितलाय त्याचा ठेवा आणि उरलेल्या दोघांना दुसरी आठवण मागा. तपशील जुळत नसतील, एक म्हणतो गाडी चुकली आणि दुसरा म्हणतो तिकिटंच घरी राहिली, तर मात्र दोन्ही शेजारी शेजारी छापा. खरं काय ते शोधत बसू नका.

फोटो : इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

नियम एकच लक्षात ठेवा. छापायला एका इंचाला साधारण ३०० पिक्सेल लागतात. फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये बघा, तिला ३०० ने भागा, तेवढे इंच तो फोटो स्वच्छ छापला जाईल. १२०० पिक्सेलचा फोटो ४ इंच रुंद. २०० पर्यंत खाली गेलात तर बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणजे ६ इंच, पण १०० वर चेहरे मऊ आणि चौकटीचौकटीचे दिसायला लागतात. फोनच्या स्क्रीनवर बघून ठरवू नका, स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून डोळे आणि केस बघा.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि दाबला जातो, आणि तोच तीन ग्रुप फिरून आला असेल तर आणखी. म्हणून सांगायचं की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अटॅचच्या चिन्हावर जाऊन गॅलरी नाही, डॉक्युमेंट निवडायचं. किंवा ईमेल, किंवा शेअर केलेलं फोल्डर. आलेला फोटो ओळखायचा कसा, तर फाइलचा साइज बघा. आजच्या फोनने काढलेला मूळ फोटो बहुतेक वेळा दोन-चार एमबीचा असतो, तो जर २०० केबीचा दिसला तर मधे कुठेतरी दाबला गेलाय, मूळ मागा. तोपर्यंत तो पानावर लावूच नका, नाहीतर तसाच छापला जातो.

फोटो आला की लगेच त्याला माणसाचा नंबर द्या. यादीत मामा १७ नंबर असेल तर त्याचा मजकूर `17.txt` आणि फोटो `17_1.jpg`, `17_2.jpg`. `IMG-WA0043` असल्या नावाच्या दीडशे पोरक्या फाइली शेवटच्या आठवड्यात कोणाच्या ते शोधणं म्हणजे शिक्षा.

जुन्या छापील फोटोंचं वेगळं. शक्य असेल तर स्कॅनर, सेटिंग ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल. कारण जुने फोटो लहान असतात. ३ बाय ४ इंचाचा फोटो ६०० वर स्कॅन केला की १८०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे तो दुप्पट, ६ बाय ८ इंच छापता येतो. ३०० वर केला असता तर आहे तेवढाच. ब्लॅक अँड व्हाइट फोटोसुद्धा कलरमध्येच स्कॅन करा, पिवळेपणा नंतर काढता येतो. आधी काच आणि फोटो मऊ कोरड्या ब्रशने झटका, कपड्याने घासू नका आणि पाणी तर नाहीच.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो बसले असतील तर कोपरा पकडून ओढायचा नाही, फोटो वाकतो आणि वरचा थर तडकतो. दात साफ करायचा डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवला तर बऱ्याचदा सुटतो. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर काढायचाच नाही, काचेसकट स्कॅनरवर ठेवायचा.

स्कॅनर नसेल तर फोनने, पण पद्धतशीर. फ्रेममधून सहज निघत असेल तर बाहेर काढा. खिडकीजवळ सपाट ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, वरचे दिवेही बंद. फोन फोटोला अगदी समांतर धरा, थोडा वर उचलून दोनपट झूम करा, त्याने कडा वाकत नाहीत आणि तुमची सावलीही पडत नाही. फोटोच्या चारही कडा फ्रेममध्ये आल्या पाहिजेत, कापायचं नंतर.

लोकांचे मूळ फोटो घरी आणले असतील तर प्रत्येक घराचं एक पाकीट, वर नंबर आणि आत किती फोटो आहेत तो आकडा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उठतं. मऊ पेन्सिलने कडेला, हलक्या हाताने.

आणि फोटोची ओळ, म्हणजे कॅप्शन, फोटोबरोबरच मागा. कोण कोण, डावीकडून, कुठे, साधारण कुठलं वर्ष. वर्ष नक्की नसेल तर "१९७८च्या सुमारास" असं छापा, खोटं नक्की वर्ष नको. ग्रुप फोटोत आता संबंध न राहिलेली किंवा विभक्त झालेली माणसं असतात, त्यांचं काय करायचं हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, ज्याच्याशी ती माणसं जास्त जवळून संबंधित आहेत त्याला विचारा. त्याला नको असेल तर दुसरा फोटो घ्या. माणूस कापून काढलेला फोटो मात्र लावू नका, खांद्यावर उरलेला हात सगळ्यांना दिसतो आणि मग चर्चा त्याचीच.

गेलेल्या माणसांचं एखादं जुनं पत्र कोणाकडे सापडलं तर त्यातला एक परिच्छेद त्यांच्या अक्षरात स्कॅन करून छापा, खाली तोच टाइप करून, कारण जुनं अक्षर नातवंडांना लागत नाही. पत्र ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी घ्या आणि त्याला कुठला परिच्छेद ते दाखवा.

क्रम कसा लावायचा

मानापमान इथे सुरू होतात. वयाने लावा, तर वय सांगायला कोणी तयार नाही. बाबांची बाजू आधी आणि आईची नंतर, हे तर करूच नका. सगळ्यांचं अकारविल्हे लावलं तर भांडण नाही पण पुस्तकाला काही आकारही नाही, आजीनंतर सहा वर्षांचा नातू आणि त्याच्यानंतर बाबांचा शाळेतला मित्र.

माझ्या मते सगळ्यात चांगला क्रम म्हणजे, कोण या दोघांच्या आयुष्यात कधी आलं. पहिला भाग लग्नाआधीपासून दोघांपैकी एकाला ओळखणारे, म्हणजे भावंडं, चुलत-मावस भावंडं, मित्रमैत्रिणी. दुसरा भाग लग्नामुळे किंवा लग्नानंतर नात्यात आलेले, जावा, साडू, नंतर लग्न होऊन आलेल्या भावजया, शेजारी, ऑफिसातले. तिसरा भाग त्यांच्यासमोर जन्मलेले, भाचे, पुतणे, तुम्ही स्वतः. चौथा सुना, जावई आणि नातवंडं. पहिल्या भागात अकारविल्हे, बाकी भागांत वर्षाप्रमाणे. हे सुरुवातीच्या पानावर एका वाक्यात लिहून टाका, म्हणजे आपण मागे का हे कोणी विचारत नाही. आणि वाचताना आपोआप गोष्ट तयार होते, आधी दोन वेगळी घरं, मग एक घर, मग त्या घरात वाढलेली मुलं. जुने फोटोही त्याच क्रमाने आपोआप लागतात, वेगळा विचार करावा लागत नाही.

पानांचा हिशोब

पुस्तकाचा आकार ए५ घ्यायचा की ए४, तर मजकूर जास्त आणि फोटो लहान असतील तर ए५, वीस-पंचवीस माणसांचे ग्रुप फोटो असतील तर ए४, कारण ए५ वर त्यातले चेहरे मिरीएवढे होतात. आपण ए५ धरू. १२ पॉइंटमध्ये ए५ च्या एका पानावर दोनशेच्या आसपास मराठी शब्द बसतात, निम्म्या पानावर फोटो असेल तर शंभर. म्हणून तो १०० ते १५० चा आकडा.

समजा ४० जणांना मागितलं आणि ३२ जणांचं आलं. २० मजकूर प्रत्येकी एक पान फोटोसकट, २० पानं. ८ लांब आहेत, प्रत्येकी दोन पानं, १६. उरलेले ४ दोन-दोन ओळींचे, ते सगळे मिळून एका पानावर. झाली ३७. जुन्या फोटोंची १२ पानं, वंशावळ समोरासमोरची २, शीर्षकाचं १, कोणी काय केलं आणि क्रमाबद्दलचं १, सगळ्यांच्या मिळून शुभेच्छा आणि दोघांची ओळख २, शेवटी आत्ताचे ग्रुप फोटो ४. एकूण ५९. पानं चारच्या पटीत असावी लागतात आणि ऑफसेट प्रेसवाले १६ पानांचा फर्मा धरतात, म्हणून ५९ ची ६० करण्यापेक्षा ६४ करा, चार फर्मे. उरलेली ५ पानं कोरी ठेवा, ज्यांनी वेळेत दिलं नाही ते आठजण कार्यक्रमात हाताने लिहितील. फक्त ही पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर नकोत, त्यावर पेनची शाई पुसली जाते, शेवटची पानं साध्या मॅपलिथो कागदावर घ्यायला प्रेसला सांगा. ऑफसेटवर सगळं पुस्तक एकाच कागदावर हवं असेल तर सगळंच मॅपलिथोवर, फोटो थोडे मंद दिसतील. अशी चाळीस-पन्नास पुस्तकंच छापायची असतील तर डिजिटल प्रिंटच घ्याल आणि तिथे कागद बदलणं सोपं असतं.

बाइंडिंगबद्दल एवढंच. मधे पिना मारलेलं ६४ पानी जाड कागदावरचं पुस्तक मिटून बसत नाही, उघडंच राहतं. पाठीला नुसता गोंद लावलेलं परफेक्ट बाइंडिंग दिसतं छान, पण आर्ट पेपरला गोंद कमी धरतो आणि जे पुस्तक सगळे सपाट उघडून बघणार त्याची पानं सुटायला लागतात. म्हणून त्या दोघांची प्रत तरी दोऱ्याने शिवलेली आणि हार्डबाउंड करून घ्या, बाकीच्यांच्या गोंदाच्या चालतील. आतल्या बाजूला समास किमान दीड-दोन सेंटिमीटर सोडा. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला फोटो लावणार असाल तर मधल्या घडीत कोणाचा चेहरा येत नाही ना ते बघा, हमखास आजोबाच तिथे असतात.

मराठी अक्षरं फुटतात ती

लोकांकडून मजकूर येतो तो तीन प्रकारे. फोनवर टाइप केलेला युनिकोड, तो सगळ्यात चांगला. कोणीतरी ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवतं, ते तुमच्याकडे उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तो कन्व्हर्टरने युनिकोड करता येतो, पण झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि "ऱ्या" ही तीन ठिकाणं डोळ्यांनी तपासा, बिघडतं तिथेच. तिसरा प्रकार पीडीएफ. त्यातून कॉपी केलं की वेलांट्या जागा सोडतात. पीडीएफचा मजकूर छोटा असेल तर सरळ परत टाइप करा, लवकर होतं.

मग पानं लावताना परत तेच संकट. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये कंपोझर `Adobe World-Ready Paragraph Composer` करा, नीट होतात. फॉन्ट मराठी वळणाचा घ्या, म्हणजे ल आणि श आपल्याला सवय आहे तसे. `Tiro Devanagari Marathi` फुकट मिळतो आणि पुस्तकात छान वाचला जातो, त्यात ठळक वजन मात्र नाही, शीर्षकांना दुसरा घ्या. फायनल पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झालेत ना ते बघा आणि ती पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडा. तुमच्याकडे दिसतं ते पुरावा नाही, तुमच्याकडे फॉन्ट आहे.

प्रूफ

पूर्ण वाचन एकदा, आणि फक्त नावांचं वाचन वेगळं एकदा. दुसऱ्या वेळी मजकूर वाचायचाच नाही, फक्त नाव, नातं, कॅप्शन, आणि समोर ती स्प्रेडशीट. शिवाय प्रत्येकाला त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवा, "उद्या संध्याकाळपर्यंत चूक सांगा, नाहीतर हे बरोबर धरतो" असं लिहून. पूर्ण पीडीएफ कोणालाही पाठवू नका, तासाभरात ती आईबाबांच्याच फोनवर असते.

प्रेसकडून दोन पानांचं प्रूफ त्याच कागदावर आणि त्याच आकारात मागा, एक जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोचं आणि एक अंधुक घरातल्या फोटोचं. स्क्रीनपेक्षा छापील फोटो गडद येतात, मागे उभी असलेली सावळी माणसं अगदी नाहीशी होतात, त्यामुळे असे फोटो आधीच थोडे उजळ करून ठेवावे लागतात, आणि किती ते प्रूफ बघूनच कळतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर हिरवट किंवा गुलाबी छटा आली असेल तर प्रेसला सांगा की ते फक्त काळ्या शाईत घ्या. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोंना पानाबाहेर ३ मिलिमीटर जास्तीचा भाग ठेवलाय का ते याच वेळी बघून घ्या, नाहीतर कापल्यावर पांढरी रेघ राहते.

किती प्रती? घरं मोजा, माणसं नाही, आणि त्यावर पाच-सहा जास्त. ज्याने लिहिलं नाही तोच सगळ्यात आधी प्रत मागतो. पुस्तकं वाटताना त्या त्या घराचं मूळ फोटोंचं पाकीटही त्याच दिवशी परत द्या, आतला आकडा मोजून. आणि स्कॅन, रेकॉर्डिंग, कच्चा मजकूर, स्प्रेडशीट हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून घरातल्या आणखी एकाकडे ठेवायला द्या. रेकॉर्डिंग तर नक्कीच, त्यातले दोनशे शब्दच आपण छापलेत.